बाळ उचलताना मनगटात येणारी कळ

*मी डिचोलीची. माझं बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. गेले दोन महिने बाळाला उचललं की डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला अशी कळ येते की हात सुटेल की काय असं वाटतं. तिथं थोडी सूजही आहे. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात बाळंतवात आहे, थंड पाण्यात हात घातलेस म्हणून. नवरा म्हणतो, रात्री पाजताना मोबाइल बघतेस त्यामुळे. क्रेप बँडेज बांधून झालं, तेल लावून चोळून घेतलं, पण चोळलं की जास्तच दुखतं. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय. मी अंगावर पाजते, म्हणून भीती वाटते. घेऊ का? – एक आई, डिचोली*

ताई, इंजेक्शन घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या आधी करायच्या दोन गोष्टी तुमच्या बाबतीत अजून झालेल्याच दिसत नाहीत. त्या केल्याशिवाय इंजेक्शन घेतलंत तर काही आठवडे बरं वाटेल आणि दुखणं परत येण्याचा संभव राहील, कारण बाळ तर रोज तसंच उचललं जाणार आहे. म्हणून इंजेक्शनकडे शेवटी येते.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हाडाचा एक टोकदार उंचवटा हाताला लागतो. त्याच्यावरून दोन स्नायुबंध अंगठ्याकडे जातात. एक अंगठा तळहातापासून लांब नेतो, दुसरा अंगठा सरळ ताठ करतो. हाडावरून जाताना ते एका अरुंद बोगद्यातून जातात आणि बोगद्याचं छत म्हणजे एक चिवट पट्टी असते. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तसे ते एरवी गुळगुळीत सरकत असतात. नेफ्याचं कापड जाड झालं, आतल्या बाजूनं फुगलं, तर नाडी ओढताना अडकते. तुमच्या मनगटात तेच झालं असावं. या दुखण्याला डॉक्टर डी क्वेर्व्हेन म्हणतात. कागदावर तेच लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते एका स्विस सर्जनचं आडनाव आहे. त्यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. तेव्हा मोबाइल नव्हता. कपडे पिळून पिळून मनगट धरलेल्या धोबिणींचं दुखणं म्हणून त्या काळी ते ओळखलं जायचं. नवऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही याचं कारण साधं आहे: त्यात हाडं दिसतात, स्नायुबंध आणि त्यावरची पट्टी दिसत नाही. तुम्ही पडला नव्हता, मग तो काढायची फारशी गरजही नव्हती. हे निदान हातानंच होतं. उंचवट्यावर बोटानं दाबलं की नेमकं तिथंच दुखतं, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवलं की तीच ओळखीची कळ उठते. ही दुसरी तपासणी घरी करायची तर एकदाच करा, हळू करा, आणि आधी चांगल्या हातावर करा, कारण निरोगी हातालाही त्यात थोडा ताण जाणवतो. दुखऱ्या हाताला त्याहून कितीतरी जास्त दुखलं पाहिजे. मोबाइलवर व्हिडिओ बघून रोज सकाळ-संध्याकाळ "गेलं का" म्हणून ही तपासणी करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्या त्याच अडकलेल्या नाडीला रोज हिसका देत असतात.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. बाळंतपणानंतर हे दुखणं खरोखर जास्त दिसतं. गरोदरपणात आणि पाजत्या दिवसांत अंगात पाणी साठतं, संप्रेरकं बदललेली असतात, आणि त्यामुळे त्या पट्टीला सूज येत असावी असं मानलं जातं. पण ते निम्मं झालं. उरलेलं निम्मं काम बाळ करतं. जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पाच-सहा महिन्यांत साधारण दुप्पट होतं, आणि दिवसातून किती वेळा ते उचललं जातं ते मोजायची सोयच नाही. थंड पाण्यात हात घातल्यानं हे होत नाही. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत म्हणून ते परत परत पिळत राहिलात, तर त्या पिळण्यानं होतं.

चोळल्यावर दुखणं का वाढतं, हेही यातूनच कळेल. पट्टी जाड झाली आहे, आणि वरून अंगठ्यानं दाबून रगडलं की ती खालच्या स्नायुबंधांवर अजून घासते. तुम्हाला शीर भरली, नस चढली असं सांगून कोणी मनगट ओढून "बसवायला" निघालं तर हात देऊ नका. तेलाचं मालिश हवंच असेल तर कोपराजवळच्या मांसल भागाला घ्या. तिथले स्नायू दिवसभर आवळलेले असतात आणि त्यांना बरं वाटतं. मनगटाला नको.

आता खरा मुद्दा, उचलण्याचा. बाळाला आपण सगळेच एका पद्धतीनं उचलतो: दोन्ही हात पुढे, अंगठे वर ताणलेले, बोटं पाठीमागे, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या खोबणीत बाळाची काख. मग वर उचलताना मनगट करंगळीकडे कलतं. म्हणजे ते दोन्ही स्नायुबंध एकाच वेळी पूर्ण ताणलेले, वाकलेले आणि सहा-सात किलोच्या ओझ्याखाली. वर सांगितलेली तपासणी आणि हे उचलणं यांत फरक एवढाच की तपासणीत वजन नसतं.

तुमच्या बाळाची मान आता बहुधा धरली असेल, त्यामुळे पद्धत बदलणं सोपं आहे. बाळ पलंगावर उताणं असेल तर आधी जवळ जा, इतकं की तुमचं पोट पलंगाच्या कडेला लागेल. लांबून वाकून उचललं की सगळा भार मनगटावर येतो. बाळाला किंचित कुशीवर वळवा. एक हात, तळवा वर करून, ढुंगणाखालून आणि मांड्यांमधून असा सरकवा की वजन बोटांवर न येता कोपरापर्यंतच्या हातावर येईल. दुसरा हात खांद्यांमागून, मानेच्या आधारासाठी, तोही तळवा वर. दोन्ही अंगठे पहिल्या बोटाला चिकटलेले ठेवा, जणू ते वेगळे नाहीतच. आता बाळाला आधी छातीशी आणा आणि मग कोपर आणि गुडघ्यांच्या जोरावर उभ्या राहा. उचलताना तुमच्या अंगठ्याला कुठलंही काम उरता कामा नये. ठेवतानाही हाच क्रम उलटा. कळ ठेवतानाच जास्त येते असं बऱ्याच जणी सांगतात, कारण त्या वेळी आपण घाईत असतो.

सुरुवातीला हे अवघड वाटतं. तुम्ही आरशासमोर उशी घेऊन दोन-चारदा करून पाहा, अंगठा कुठे ताठ होतोय ते लगेच दिसेल. आणि हे घरातल्या सगळ्यांना दाखवा. सासूबाईंना तर नक्की. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांनाही हेच दुखणं होतं. त्यांच्यात त्याच्या जोडीला अंगठ्याच्या अगदी बुडाचा सांधा झिजलेला असण्याचीही शक्यता असते, पण ती वेगळी कहाणी आहे.

पाजतानाचा हात हे दुसरं ठिकाण, आणि तुमचा डावाच हात का दुखतोय याचं उत्तर बहुधा इथंच आहे. उजव्या हातात मोबाइल म्हटल्यावर बाळाचं डोकं डाव्या तळहातावर येतं. मनगट आत वाकलेलं, अंगठा कानाजवळ ताणलेला, आणि वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. मोबाइलवर खापर फोडायचं तर एवढंच फोडा: उजव्या हातानं स्क्रोल केल्याचा डाव्या हाताला थेट त्रास होत नाही, पण त्यामुळे डावा हात त्या अवस्थेत अडकून पडतो. मांडीवर चांगली जाड उशी घ्या, एक पुरत नसेल तर दोन, म्हणजे बाळाचं वजन उशीवर जाईल. डोकं कोपराच्या वळणात ठेवा, तळव्यात नको. मनगट सरळ आणि सैल. रात्री कुशीवर झोपून पाजता येत असेल तर हाताला सगळ्यात आराम त्यातच आहे, फक्त स्वतःला डुलकी लागणार असेल तर बाळाभोवती उशा, पांघरुणं ठेवू नका.

मोबाइल बंद करा असं मी सांगणार नाही. रात्री तीन वाजता जागं राहायला काहीतरी लागतंच. पण तो हातात धरू नका. बाजूच्या स्टुलावर टेकवून ठेवा, स्क्रोल करायचं तर पहिल्या बोटानं करा आणि मेसेज बोलून टाईप करा; मराठी आता बरंच बरोबर उमटतं. तेही नको असेल तर ऐकण्यासारखं काही लावा. आणि उद्या उजव्या मनगटालाही तीच कळ सुरू झाली, तर मात्र नवऱ्याचं म्हणणं खरं. मोठा स्क्रीन एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणत राहिलं की हेच दोन स्नायुबंध दमतात. मूल नसलेल्या कॉलेजच्या मुलांमध्येही मला हे दिसतं.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. क्रेप बँडेजनं मनगट फक्त गरम राहतं, अंगठा मोकळाच हलतो, म्हणून तुम्हाला फरक पडला नाही. तुम्हाला हवा आहे तो "थंब स्पायका स्प्लिंट". मेडिकलमध्ये नुसतं "रिस्ट बेल्ट" मागितलंत तर अंगठा बाहेर ठेवणारा पट्टा हातात देतील. तो चालणार नाही. घेताना दोन गोष्टी बघा: मनगट आणि अंगठा या दोन्ही बाजूंना आत कडक पट्टी असली पाहिजे, आणि अंगठ्याचं वरचं पेर मोकळं राहिलं पाहिजे. घातल्यावर करंगळीकडे मनगट झुकवून पाहा. झुकलं तर तो उपयोगाचा नाही.

तो तीन ते चार आठवडे दिवसरात्र घाला. आंघोळीला, हात धुताना काढा, आणि दिवसातून दोन-तीनदा काढून अंगठा न दुखता जेवढा हलेल तेवढा सावकाश हलवा, म्हणजे आखडणार नाही. स्प्लिंट घालून जोर लावायचा नाही. त्याच्याविरुद्ध झगडत राहिलं तर दुखणं तसंच राहतं. आपल्या हवेत सगळ्यात मोठी अडचण घामाची. आत पातळ सुती मोजा किंवा मलमलीची पट्टी घाला, ती दिवसातून दोनदा बदला, स्प्लिंट ओला झाला तर वाळल्याशिवाय परत चढवू नका, नाहीतर घामोळं येऊन तुम्ही तो आठवड्यात फेकून द्याल. वेल्क्रोच्या कडा बाळाच्या गालाला ओरखडतात, त्यावर मऊ कापड शिवून घ्या. बोटं बधिर झाली, निळसर पडली तर पट्टा जास्त घट्ट आहे. या दिवसांत बाळाची आंघोळ दुसऱ्या कुणीतरी घालावी. ओलं, निसटणारं बाळ स्प्लिंटशिवाय धरणं हे मनगटाला सगळ्यात महाग पडतं. नारळ खोवणं आणि कपडे पिळणंही घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

शेक, बर्फ याबद्दल मी हट्ट धरत नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवल्यावर कळ शमते, पण सासूबाई थंड लावू देत नसतील तर त्यासाठी भांडू नका, तो मुख्य उपाय नाहीच. गोळ्यांचंही तसंच. पाजत्या आईला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन सहसा चालतात. पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. पण या पट्टीत मुख्यतः जाडपणा असतो, साधी सूज त्यामानाने कमी, म्हणून गोळी कळ कमी करते, नेफा मोकळा करत नाही. दुखण्यावरचं जेल लावलं तर हात धुऊन मगच बाळाला घ्या, आणि बाळाचं तोंड लागेल अशा जागी ते लावू नका. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम कुणीतरी सांगेलच. आत्ता नको. मूठ आवळणं म्हणजे पुन्हा अंगठ्यालाच कामाला लावणं. दुखणं बसल्यावर, उचलताना कळ येईनाशी झाल्यावर, हळूहळू ताकदीचे व्यायाम सुरू करता येतात.

आता इंजेक्शन. वर सांगितलेलं सगळं नीट करून चार ते सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर घ्या. तुमचं दुखणं दोन महिने जुनं आहे आणि "हात सुटेल" असं वाटतंय. बाळ हातातून निसटण्याची खरीच भीती असेल तर तेवढंही थांबायची गरज नाही, स्प्लिंट आणि इंजेक्शन एकदमच सुरू करा. एकट्या स्प्लिंटपेक्षा इंजेक्शनचा गुण जास्त येतो, हे खरं आहे. इंजेक्शनमध्ये स्टेरॉइडचा लहान डोस असतो आणि तो त्या बोगद्यातच दिला जातो. त्यातलं रक्तात जाणारं थोडं, आणि दुधात उतरणारं त्याहून थोडं, म्हणून पाजणं बंद करावं लागत नाही. क्वचित एखाद्या आईचं दूध काही दिवस कमी झाल्याची नोंद आहे. तेवढं मनात असू द्या आणि देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही पाजता हे आधीच सांगा. गरोदरपणात साखर वाढली होती का, तेही सांगा, कारण स्टेरॉइडनं साखर काही दिवस चढते.

त्याचे खरे तोटे वेगळे आहेत आणि ते कुणी फारसं सांगत नाही. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. घाबरू नका, फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात. दुसरं, सुई जिथं जाते तिथं त्वचेवर पांढरट डाग पडू शकतो, किंवा खालची चरबी विरून छोटासा खड्डा पडतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो चटकन दिसतो. बहुतेकदा काही महिन्यांत भरून येतो, पण नेहमी नाही. इंजेक्शन घेतलं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाळाला उचलायला घरात कोणीतरी हवं, त्यामुळे दिवस तसा निवडा. एकानं अर्धवट फरक पडला तर साधारण दीड महिन्यानं दुसरं देता येतं. अजिबातच फरक पडला नाही, तर काही लोकांच्या मनगटात त्या बोगद्यात मधोमध एक पडदा असतो आणि दोन स्नायुबंध दोन वेगळ्या खोल्यांत असतात. औषध एका खोलीत गेलेलं असतं आणि दुसरी तशीच राहते. अशा वेळी सोनोग्राफीत बघत दिलेलं इंजेक्शन उपयोगी पडतं. त्यानंही भागलं नाही तर ती पट्टी उघडण्याचं छोटं ऑपरेशन, फक्त हात बधिर करून, त्याच दिवशी घरी. तिथून एक बारीक संवेदनेची नस जाते, ती जपणं हे सर्जनच्या हातातलं खरं कौशल्य. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्यांकडेच करा. बाळंतिणींपैकी फार थोड्यांवर ही वेळ येते. बऱ्याचजणींचं दुखणं पाजणं कमी होईल आणि बाळ बसायला-रांगायला लागेल तसं आपोआप उतरत जातं.

एवढं करण्याआधी हे तेच दुखणं आहे याची खात्री एकदा तपासून घ्या. डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात सुरुवात करता येईल. तिथून पुढे पाठवायची गरज पडली तर म्हापशाचं आझिलो किंवा बांबोळीचं गोमेकॉ, दोन्हीकडे ऑर्थोपेडिकची ओपीडी आहे. रात्री अंगठा, पहिलं आणि मधलं बोट झिणझिणून जाग येत असेल, तर तो मनगटातल्या दुसऱ्याच बोगद्याचा त्रास आहे आणि बाळंतिणीत तोही होतो. अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ असेल तर आधी बांगड्या काढून पाहा. बाळंतपणानंतर हात सुजलेला असताना घट्ट चुडा तिथल्या नसेवर रुतून बसतो. कळ मनगटापासून चार बोटं वर, हाताच्या मागच्या अंगाला असेल आणि तिथं करकर जाणवत असेल, तर स्प्लिंटची तऱ्हा बदलते. मनगट लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.